छत्रीची ‘ली’ : एका निनावी जबाबाचे मराठी भाषांतर

पणजीतील आमच्या छोट्या अनुवाद कक्षाकडे गेल्या पावसाळ्यानंतर एका स्वयंसेवी गटाने दीड पानांचा एक इंग्रजी मजकूर मराठीत करण्यासाठी दिला. नदीतून रात्री चोरून वाळू उपसली जाते, या विषयावर त्या गटाला एक पुस्तिका काढायची होती आणि नदीकाठच्या एका गावातील रहिवाशाचा जबाब तिच्यात छापायचा होता. जबाब देणाऱ्या व्यक्तीची ओळख कोणत्याही प्रकारे उघड होऊ नये, अशी त्यांची अट होती. गावाचे नाव, नदीचे नाव, दुकान कशाचे होते हा तपशील, हे सारे त्यांनी आधीच काढून टाकले होते. धक्क्याजवळची दुकाने मोजकी आहेत, त्यांतली काही पुरुष चालवतात आणि काही स्त्रिया, त्यामुळे बोलणारी व्यक्ती पुरुष आहे की स्त्री एवढे जरी कळले तरी गावातील लोक बोट दाखवू शकतील, असेही त्यांनी स्पष्ट बजावले होते. आम्हालाही त्यांनी ते सांगितले नव्हते.

मजकूर आमच्यापर्यंत आला त्याची वाट लक्षात घेण्यासारखी आहे. ती व्यक्ती कोंकणीत बोलली होती. गटातील कार्यकर्त्याने ऐकता ऐकता इंग्रजीत टिपणे काढली होती आणि त्या टिपणांवरून इंग्रजी जबाब तयार झाला होता. कोंकणीत बोलताना त्या व्यक्तीचे लिंग क्रियापदांतून सहज व्यक्त झाले असणार. इंग्रजीत येताना ते पूर्णपणे पुसले गेले, कारण इंग्रजीतील भूतकाळाचे क्रियापद कोणाशीच लिंगाने जुळत नाही. आता मराठीत येताना तो प्रश्न पुन्हा उभा राहणार होता. मूळ ध्वनिमुद्रण ऐकण्याची सोय नव्हती आणि ती नसणेच योग्य होते.

प्रस्तुत लेखात दिलेली वाक्ये मूळ जबाबातील नाहीत. त्यांतील खुणा बदलून आणि मजकूर थोडक्यात आणून मी ती नव्याने मांडली आहेत. क्रियापदांची रचना मात्र होती तशीच ठेवली आहे.

पहिला खर्डा माझ्या तरुण सहकारिणीने केला. तिचे शिक्षण इंग्रजी माध्यमात झाले, घरात कोंकणी बोलली जाते आणि मराठी ती आवडीने वाचते. तिचा खर्डा असा होता :

मी याच गावात जन्मलो आणि आयुष्यभर येथेच राहिलो. त्या संध्याकाळी मी दुकानाला कुलूप लावले आणि फेरीच्या धक्क्यावर चालत गेलो. मी शेवटच्या फेरीबोटीची वाट पाहत होतो तेव्हा मला होडीजवळ कोणीतरी दिसला. त्याने ते ताडपत्रीने झाकले. मी एका माडामागे उभा राहिलो आणि वीस मिनिटे पाहत राहिलो. त्याने मला पाहिले आणि काहीतरी म्हणाला. मी उत्तर दिले नाही. मी घाबरलो. मी धावलो, माझी छत्री विसरलो आणि घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती परत आणली. मग मी हे सर्व लिहून काढले.

प्रथमदर्शनी हा मजकूर वाचनीय आहे. अट मात्र त्यात पहिल्याच वाक्यात मोडली आहे. ‘जन्मलो’ या एका रूपाने बोलणारा पुरुष ठरतो. सहकारिणीचे म्हणणे असे होते की, लिंग ठाऊक नसताना पुल्लिंगी रूप वापरायची रीतच आहे. एखाद्या नियमावलीत किंवा अर्जाच्या नमुन्यात हे चालून जाते. येथे चालण्यासारखे नव्हते, कारण वाचणारे गावकरी ‘जन्मलो’ हे रूप रीत म्हणून वाचणार नाहीत, माहिती म्हणून वाचतील. बोलणारी व्यक्ती पुरुष असेल तर आपण तिची ओळख अर्धी उघड केली, आणि स्त्री असेल तर धक्क्यावरच्या भलत्याच दुकानदारावर संशय ढकलला. दोन्ही गोष्टी सारख्याच वाईट.

मी खर्डा समोर घेतला आणि दोन रंगांच्या पेन्सिली काढल्या. ज्या क्रियापदांचा कर्ता ‘मी’ आहे तेवढीच आधी पाहायची, असे ठरवले. क्रियापदाचे रूप बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलत असेल तर त्याखाली लाल रेघ मारली आणि कर्माप्रमाणे बदलत असेल तर निळी. लाल रेघा दहा निघाल्या : जन्मलो, राहिलो, गेलो, वाट पाहत होतो, उभा राहिलो, पाहत राहिलो, घाबरलो, धावलो, विसरलो, पोहोचलो. निळ्या चारच : लावले, दिले, आणली, लिहून काढले. इंग्रजीत ही चौदाही क्रियापदे एकाच साच्याची होती. प्रत्येकापुढे तोच ‘आय’, प्रत्येकात तोच कर्ता. मराठीने त्यांचे दोन गट केले.

शाळेत आपण कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोग शिकतो आणि पुढे विसरतो, म्हणून येथे थोडक्यात सांगते. भूतकाळात अकर्मक क्रियापद कर्त्याशी जुळते : तो गेला, ती गेली, मी गेलो, मी गेले. सकर्मक क्रियापद बहुधा कर्माशी जुळते : तिने दरवाजा उघडला, तिने खिडकी उघडली, तिने दार उघडले. उघडणारी ‘ती’ तिन्ही वाक्यांत एकच आहे आणि क्रियापदाला तिच्याशी काही देणेघेणे नाही. या रचनेचे मूळ संस्कृतातील ‘मया द्वारम् उद्घाटितम्’ अशा धाटणीत आहे. तेथे कर्ता तृतीयेत असतो आणि धातुसाधित कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागले की ही जुळणीही सुटते आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबते : तिने मुलाला पाहिले, तिने मुलीला पाहिले, तिने मुलांना पाहिले. हा भावे प्रयोग. त्यात क्रियापद कोणाविषयीच काही सांगत नाही.

प्रथम पुरुषात एक अडचण अधिक आहे. ‘त्याने’, ‘तिने’ यांत ‘ने’ डोळ्यांना दिसतो, त्यामुळे वाक्याच्या आरंभीच पुढचे क्रियापद कोणत्या जातीचे येणार हे लेखकाला ठरवावे लागते. ‘मी’ मात्र दोन्हीकडे ‘मी’च राहतो. जुन्या मराठीत ‘म्यां’ होते, ते लिखाणातून गेले. कोंकणीत हा भेद अजून जिवंत आहे : ‘हांव आयलों’, पण ‘हांवें आंबो खालो’. सहकारिणीला मी हे दाखवले तेव्हा ती म्हणाली, “ताई, कोंकणीत लिहिताना मला ‘हांवें’ आपोआप सुचलं असतं. इथं मी इंग्रजीतला ‘आय’ बघितला आणि सगळीकडे एकच ‘मी’ ठेवत गेले.” तिचे निदान बरोबर होते. तिच्या खर्ड्यात ‘मी कुलूप लावले आणि गेलो’ हे वाक्य खटकत नाही ते याच कारणाने. त्याच जातीची जोडणी तृतीय पुरुषात आली तेव्हा मात्र सांधा उघडा पडला : ‘त्याने मला पाहिले आणि काहीतरी म्हणाला’. ‘म्हणाला’ला कर्ता हवा ‘तो’, आणि वाक्यात आहे ‘त्याने’. इंग्रजीत एक कर्ता आरंभी ठेवून ‘अँड’ने कितीही क्रियापदे ओवता येतात. मराठीत तो धागा क्रियापदाची जात बदलली की तुटतो. मग ‘तो’ पुन्हा लिहावा लागतो किंवा आधीचे क्रियापद ‘पाहून’ असे करून शेवटच्या क्रियापदाच्या हाती कर्ता सोपवावा लागतो.

आता आमच्यापुढचे काम स्पष्ट झाले. लाल रेघेखालची दहाही क्रियापदे अशा रचनेत न्यायची की त्यांतून बोलणाऱ्याचे लिंग कळणार नाही, आणि तरीही जबाब माणसाने बोलल्यासारखाच वाटला पाहिजे.

सर्वांत सोपे उपाय सर्वांत आधी बाद झाले. ‘आम्ही गेलो’ हे स्त्रीपुरुष दोघांनाही चालते, पण त्याने साक्षीदार एकाचे अनेक झाले असते, आणि जबाबात ते खोटे ठरले असते. दुसरा उपाय सहकारिणीने सुचवला, तो म्हणजे इंग्रजी पॅसिव्हसारखी रचना : ‘माझ्याकडून दुकानाला कुलूप लावले गेले’. यात लिंग लपते हे खरे, पण मराठीत ‘माझ्याकडून’ म्हटले की कान दुसरेच ऐकतो. माझ्याकडून कप फुटला, माझ्याकडून चूक झाली, अशा वाक्यांत जे नकळत घडले तेच सांगितलेले असते. नकळत कुलूप लावणारा साक्षीदार कोणाला पटणार? शिवाय त्या वाक्यात लपवण्यासारखे काही नव्हतेच. ‘मी कुलूप लावले’ यात क्रियापद कुलपाशी जुळलेले आहे. इंग्रजीत कर्माला पुढे आणण्यासाठी पॅसिव्ह करावा लागतो, मराठीचा साधा भूतकाळ क्रियापदापुरते ते काम आधीच करून बसलेला असतो. म्हणून ‘पोलिसांद्वारे जबाब नोंदवला गेला’ असे वाक्य दिसले की मी ते खोडते आणि ‘जबाब पोलिसांनी नोंदवला’ असे लिहिते.

उरला तो खरा मार्ग, म्हणजे प्रत्येक अकर्मक क्रियापदाऐवजी त्याच अर्थाचे सकर्मक क्रियापद मराठीत शोधणे. हे शब्दकोशात पाहून होत नाही. आमचे मुद्रितशोधक सर निवृत्त मराठी शिक्षक आहेत आणि या कामी त्यांच्याइतका उपयोग कोणाचाच झाला नाही. ‘चालत गेलो’वर आम्ही बराच वेळ अडलो होतो. ‘धक्क्यावर जाऊन’ म्हटले तर लिंग लपते, पण पुढे लगेच वाट पाहण्याचे वाक्य असल्याने जाणे हे स्वतंत्र कृत्य राहत नाही, नुसते पुढच्या कृत्याचे शेपूट होते. सर म्हणाले, “धक्का गाठला म्हणा की.” गाठणे सकर्मक आहे. धक्का गाठला, घर गाठले, बाजार गाठला. जाण्याचीच क्रिया, पण क्रियापद पोहोचण्याच्या ठिकाणाशी जुळते. ‘मी पायी फेरीचा धक्का गाठला’ यातला ‘ला’ धक्क्याचा आहे, बोलणाऱ्याचा नाही.

एकदा ही दिशा सापडल्यावर पुढचे भराभर सुचत गेले. आयुष्यभर येथेच राहिलो, याऐवजी ‘सारे आयुष्य येथेच काढले’. धावलो, याऐवजी ‘घराकडे धाव घेतली’. घाबरलो, याऐवजी ‘भीती वाटली’; येथे तर बोलणारी व्यक्ती ‘मला’ झाली आणि वाक्याचा कर्ताच बदलला. जन्मलो हे ‘माझा जन्म याच गावातला’ असे क्रियापदावाचून झाले.

वाट पाहण्याचे वाक्य मात्र सापळ्याचे होते. ‘मी वाट पाहिली’ यात क्रियापद ‘वाट’ या स्त्रीलिंगी नामाशी जुळते, म्हणून ते सुरक्षित आहे. पण इंग्रजीत ते चालू भूतकाळात होते, आणि चालू भूतकाळ मराठीत सकर्मक क्रियापदालाही पुन्हा कर्त्याच्या ताब्यात देतो : वाट पाहत होतो, वाट पाहत होते. ‘वाट पाहू लागलो’ केले तरी तेच, कारण ‘लागणे’ कर्त्याशी जुळते. कर्माशी जुळणे हा सकर्मक क्रियापदाचा कायमचा गुण नाही, ‘ल’वाल्या भूतकाळी रूपाचा तो गुण आहे, हे येथे सहकारिणीला पहिल्यांदा नीट जाणवले. सुटका ‘असताना’ने झाली : ‘वाट पाहत असताना’. ‘ताना’, ‘ऊन’, ‘ल्यावर’ ही रूपे लिंग सांगत नाहीत, पण ती आश्रित असतात, त्यांना पुढे एक मुख्य क्रियापद लागते आणि ते क्रियापद सकर्मक निघाले तरच उपयोग. सुदैवाने पुढे ‘पाहिले’ होते.

‘उभा राहिलो’ यात दोन खुणा होत्या. क्रियापद बदलले तरी ‘उभा’ किंवा ‘उभी’ हे विशेषण पुरुष की स्त्री ते सांगतेच. ‘माडाच्या आड मी वीस मिनिटे काढली’ असे लिहून उभे राहणे आम्ही सोडून दिले. आड असणे महत्त्वाचे होते, उभे असणे नव्हते.

सर्वांत जास्त वेळ छत्रीने घेतला. विसरणे हे अर्थाने सकर्मक आहे, त्याला छत्री हे कर्म आहे, आणि तरीही भूतकाळात ते कर्त्याशीच जुळते : तो छत्री विसरला, ती छत्री विसरली. मराठीत अशी काही क्रियापदे आहेत आणि ती पाठच करावी लागतात. तो गणित शिकला, ती साडी नेसली, ती खोटे बोलली, तो भात जेवला. यांतले ‘म्हणणे’ तर दोन्हीकडे राहते : ती म्हणाली, पण तिने गाणे म्हटले. छत्रीसाठी आम्ही आधी ‘छत्री तेथेच राहिली’ असे लिहिले. सरांना ते आवडले, मला नाही. इंग्रजीत ती व्यक्ती स्वतःचे विसरणे कबूल करते. ‘राहिली’मध्ये छत्रीच जणू आपल्या मनाने राहते. शेवटी ‘छत्रीचा मला विसर पडला’ हे ठरले. ते थोडे पुस्तकी आहे, हे मला मान्य आहे. दुकानदार माणूस असे बोलेल का, हा सरांचा आक्षेप आजही कायम आहे.

आतापर्यंत बोलणाऱ्याचा विचार झाला. होडीजवळच्या माणसाचे काय? इंग्रजी जबाबात ‘समवन’ आणि पुढे ‘दे’ होते. तो अनेकवचनी शब्द एका व्यक्तीसाठीही वापरतात, म्हणजे तेथेही लिंग दिलेले नव्हते. खर्ड्यात ‘दिसला’, ‘त्याने’, ‘म्हणाला’ असे करत सहकारिणीने त्याचाही पुरुष केला होता. ‘मला कोणीतरी दिसले’ असे नपुंसकलिंगी रूप मराठीत चालते आणि ते चुकीचे नव्हते. त्याहून ‘मी कोणाला तरी पाहिले’ अधिक बरे वाटले. ‘ला’मुळे भावे प्रयोग झाला आणि एकाच वाक्यात पाहणारा आणि पाहिलेला, दोघांविषयीही क्रियापद गप्प राहिले. पुढच्या वाक्यांत ‘त्याने’ऐवजी ‘त्या व्यक्तीने’ आले. येथे एक बारीक गोष्ट आहे. ‘ती व्यक्ती’ म्हटले की नाम स्त्रीलिंगी असल्याने सर्व रूपे ‘ती’, ‘आली’, ‘म्हणाली’ अशी होतात, आणि अशी चार वाक्ये ओळीने वाचली की डोळ्यांपुढे बाई उभी राहते. ‘त्या व्यक्तीने’ यात मात्र ‘त्या’ आहे, आणि ते सामान्यरूप ‘त्या माणसाने’, ‘त्या बाईने’, ‘त्या मुलाने’ असे सर्वत्र एकच असते. म्हणून ती व्यक्ती प्रत्येक वाक्यात ‘ने’ घेऊनच यावी, अशी आम्ही काळजी घेतली. ‘म्हणाला’चे ‘म्हटले’ केले, आणि त्याबरोबर मघाचा तुटलेला सांधाही जुळला : ‘त्या व्यक्तीने मला पाहिले आणि काहीतरी म्हटले.’ दोन्ही क्रियापदे आता एकाच ‘ने’खाली सुखाने राहतात.

लपवण्याच्या या कामात एका जागी मात्र मराठीने उलट मागणी केली. ‘त्याने ते ताडपत्रीने झाकले’ यातले ‘ते’ म्हणजे काय? इंग्रजीत ‘इट’ होते आणि त्याने वाचणाऱ्याचे काही अडत नव्हते. मराठीत झाकलेली वस्तू होडी असेल तर ‘झाकली’, इंजिन असेल तर ‘झाकले’, पंप असेल तर ‘झाकला’. क्रियापद कर्माशी जुळते म्हणजे कर्म ठाऊक असल्यावाचून क्रियापद लिहिताच येत नाही. सहकारिणीने नपुंसकलिंग धरले होते, कारण ‘इट’चे ‘ते’ होते असे तिच्या मनाने घेतले. सरांनी ते वाक्य दोनदा वाचले आणि म्हणाले, “रात्रीची वेळ, नदीकाठ, आणि ‘ते झाकले’. वाचणाऱ्याला प्रेत वाटेल.” त्यांचे म्हणणे खरे होते. आम्ही गटाला विचारले, गटाने त्या व्यक्तीला विचारले, आणि उत्तर आले : पंप. नुसते ‘तो झाकला’ लिहिले असते तर ‘तो’ म्हणजे माणूस असे कोणी वाचले असते, म्हणून आम्ही वस्तूचे नावच घातले. मूळ इंग्रजीत नसलेली एक माहिती अशा रीतीने मराठीत आली. ती घालण्याची परवानगी आम्ही लेखी घेतली, आणि कर्मणी प्रयोगामुळे असा प्रश्न विचारावा लागला तर तो विचारावाच, अंदाजाने लिंग धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुरुस्त मजकूर सहकारिणीने स्वच्छ लिहून आणला तेव्हा त्यात एक नवीन चूक होती, आणि ती मला पहिल्या खर्ड्यातील चुकांपेक्षा अधिक बोलकी वाटते. ‘मी ती परत आणली’ याचे तिने ‘मी ती परत आणले’ केले होते. ‘आणली’मुळे बोलणारी स्त्री आहे असे कळेल, अशी तिला भीती वाटली. पण ती ‘ली’ छत्रीची आहे. दाढी राखलेला माणूसही ‘मी छत्री आणली’ असेच म्हणणार. ‘मिनिटे काढली’ यातली ‘ली’ तर स्त्रीलिंगीसुद्धा नाही. ती मिनिटांची, नपुंसकलिंगी अनेकवचनाची आहे. दोन्ही रूपे मराठीत सारखीच दिसतात एवढेच. मी ‘आणली’ पुन्हा आणली.

याच वेळी एक उलट शंका मला आली. प्रमाण लेखनात नपुंसकलिंगी ‘पाहिले’ आणि स्त्रीने म्हटलेले ‘मी गेले’ यांचा शेवट सारखाच दिसतो. घाईने वाचणाऱ्याला ‘मी पाहिले, मी काढले, मी दिले’ अशी मालिका एखाद्या बाईच्या तोंडची वाटू शकते. बोलण्यात हा गोंधळ होत नाही, कारण तेथे ‘पाहिलं’ आणि ‘गेले’ हे वेगळे ऐकू येतात. जबाब हे बोललेलेच असल्याने तेवढ्या मजकुरात बोलीतील अनुस्वारयुक्त रूपे ठेवायची, असे आम्ही ठरवले. त्यामुळे जबाब बोलका झाला हा वरचा लाभ, खरे कारण मात्र ‘लं’ कोणा बाईचा नाही हे दिसावे, हे होते.

गटाकडे गेलेला मजकूर असा होता :

माझा जन्म याच गावातला आणि सारं आयुष्य मी इथंच काढलं. त्या संध्याकाळी मी दुकानाला कुलूप लावलं आणि पायी फेरीचा धक्का गाठला. शेवटच्या फेरीबोटीची वाट पाहत असताना मी होडीजवळ कोणाला तरी पाहिलं. त्या व्यक्तीनं पंप ताडपत्रीनं झाकला. माडाच्या आड मी वीस मिनिटं काढली आणि हे सगळं पाहिलं. त्या व्यक्तीनं मला पाहिलं आणि काहीतरी म्हटलं. मी उत्तर दिलं नाही. मला भीती वाटली. मी घराकडे धाव घेतली. छत्रीचा मला विसर पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती परत आणली. मग मी हे सगळं लिहून काढलं.

यात काही हरवले आहे, ते नोंदवणे आवश्यक आहे. ‘गाठला’ आणि ‘धाव घेतली’ यांत मूळ इंग्रजीपेक्षा अधिक नेट आहे. कर्माशी जुळणारी क्रियापदे ओळीने आल्याने ती व्यक्ती प्रत्येक गोष्ट ठरवून करते आहे असे वाटते, आणि घरी पोहोचण्याचे साधे वाक्य धाव घेण्यात विरून गेले. हा मजकूर न्यायालयात सादर करायचा असता तर मी ही मोकळीक घेतली नसती. तेथे लिंग उघड ठेवून किंवा दोन्ही रूपे देऊन शब्दाला शब्द राखला असता आणि ओळख लपवण्याचे काम इतरांवर सोपवले असते.

छपाईपूर्वी आम्ही तो मजकूर शेजारच्या दोन कार्यालयांतील दोघांना वाचायला दिला आणि बोलणारी व्यक्ती कोण असेल असे विचारले. एकाने सांगता येत नाही असे म्हटले. दुसरी वाचक क्षणभर थांबून म्हणाली, “बाई असणार.” कशावरून, असे विचारल्यावर तिने बोट ठेवले ते ‘मी ती परत आणली’ या वाक्यावर. व्याकरणाने ते वाक्य निर्दोष होते. पण मागच्या वाक्यात ‘छत्रीचा’ असे षष्ठीचे रूप होते, छत्री स्वतः या वाक्यात नव्हती, आणि ‘मी’च्या शेजारी ‘ती’ व ‘आणली’ असे दोन स्त्रीलिंगी शब्द लागून आले होते. कानाने ते ‘मी’ला जोडून टाकले. आम्ही ‘ती’ काढले आणि ‘दुसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री परत आणली’ असे केले. तेच वाक्य तिला पुन्हा वाचायला दिले तेव्हा ती म्हणाली, “आता छत्रीच आणलेली वाटते.”